आभाराच्या मेलमधल्या दुरुस्त्या

तुमच्या इंग्रजी मेलचा मसुदा वाचला. जर्मनीतल्या सहकारी बाईंना 'रिस्पेक्टेड मॅडम' नको. त्या स्वतः मेलखाली नुसतं पहिलं नाव लिहितात, म्हणजे तुम्हीही 'हाय' आणि तेच नाव लिहा. त्यात उद्धटपणा काही नाही.

'थँक्स फॉर हेल्प मी' इथे व्याकरण चुकलंय. 'फॉर'नंतर क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतो: 'थँक यू फॉर हेल्पिंग मी'. पण नुसत्या मदतीचे आभार कोरडे वाटतात. काय केलं ते लिहा: 'थँक यू फॉर चेकिंग द टेस्ट रिपोर्ट सो क्विकली'. पुढे त्याचा उपयोग: 'वुई कुड सेंड इट टू द क्लायंट ऑन फ्रायडे'. हे दुसरं वाक्यच खरं काम करतं.

'काइंड', 'काइंडली' तीनदा आलंय, सगळं काढा. 'काइंडली डू द नीडफुल' तर आपल्या सरकारी पत्रांतलं. त्यांना नेमकं काय करायचं तेच कळणार नाही. शिवाय आभाराच्या शेपटाला नवं काम बांधलं की आभार खोटे वाटतात. मसुद्यात जी फाइल मागितलीय, ती उद्या वेगळ्या मेलमध्ये मागा, 'कुड यू प्लीज सेंड' म्हणून. शेवटी 'बेस्ट रिगार्ड्स' आणि तुमचं नाव, बास.