संवादातला स्वल्पविराम आत की बाहेर?

प्रश्न : “आमच्या गावच्या वार्षिक अंकासाठी मी एक कथा लिहिली. तिच्यात — “पाऊस थांबला की निघतो”, बाबलो म्हणाला — अशी ओळ आहे. संपादक म्हणतात, स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत हवा, कारण इंग्रजीत तो तसाच असतो. मराठी संवादाला इंग्रजीचे नियम लागू होतात का?” (फोंडा)

उत्तर : या ओळीपुरता संपादकांचा निर्णय योग्य आहे, त्यांनी दिलेले कारण मात्र अर्धेच खरे आहे. ओळ अशी छापावी :

“पाऊस थांबला की निघतो,” बाबलो म्हणाला.

कारण अर्धे खरे अशासाठी, की मराठीतली आजची विरामचिन्हे खरोखरच इंग्रजीच्या वळणाने आलेली आहेत. जुन्या पोथ्यांत एकेरी-दुहेरी दंडावर काम भागत असे. छापील मराठी गद्य घडत असताना मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली आणि पुढे ही चिन्हे पाठ्यपुस्तकांतून रुळली. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम प्रामुख्याने अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ यांच्याविषयी आहेत. संवादातला स्वल्पविराम कुठे द्यावा याचा निर्णय त्यांत सापडत नाही. त्यामुळे या बाबतीत छपाईचा प्रघात हाच आपला आधार, आणि तो प्रघात इंग्रजीच्या जवळचा आहे. पण इंग्रजीचा प्रघात म्हणजे काही जगाचा नियम नव्हे. गोव्यातल्या ज्या घरांत अजून जुनी पोर्तुगीज पुस्तके आहेत, तिथे एखादी कादंबरी उघडून पाहावी : संवाद आडव्या रेघेने सुरू होतो, मध्ये ‘तो म्हणाला’ आले की त्याच्या आधी पुन्हा रेघ येते आणि अशा साध्या ओळीत स्वल्पविरामाची गरजच पडत नाही. मराठीतही काही लेखक अवतरणचिन्हे टाळून रेघेनेच संवाद देतात, आणि ते चूक नाही. एका कथेत एकच पद्धत शेवटपर्यंत पाळली, म्हणजे झाले.

आता मूळ मुद्दा. बाबल्याचे वाक्य त्याच्यापुरते संपलेले आहे आणि ते एकटे असते, तर त्याच्या शेवटी पूर्णविराम आला असता. परंतु लेखकाचे वाक्य अजून संपलेले नाही, कारण ‘म्हणाला’ या क्रियापदाला आपले कर्म हवे आहे आणि ते कर्म म्हणजे अवतरणातला मजकूर. म्हणून आतल्या पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम बसतो आणि खरा पूर्णविराम ‘म्हणाला’नंतर येतो. हा स्वल्पविराम आतल्या पूर्णविरामाच्याच जागेवर बसलेला असल्यामुळे तो आतच राहतो. अशा साध्या ओळीत लंडनचा छापखाना आणि न्यूयॉर्कचा छापखाना यांचे एकमत आहे. फरक एवढाच, की ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी अवतरणचिन्ह दिसते आणि अमेरिकन पुस्तकांत दुहेरी.

मतभेद होतो तो वाक्य मध्येच तोडले तर. तुमचीच ओळ जरा फिरवून पाहू :

“पाऊस थांबला,” बाबलो म्हणाला, “की निघतो.”

बाबल्याच्या मूळ बोलण्यात ‘थांबला’ या शब्दानंतर विराम नाही. तो स्वल्पविराम लेखकाने निवेदन घुसवण्यासाठी दिलेला आहे, म्हणजे तो बाबल्याचा नाही. अमेरिकन पद्धत हा भेद मानत नाही आणि स्वल्पविराम डोळे झाकून आत ठेवते. जुनी ब्रिटिश पद्धत विचारते, की बोलणाऱ्याच्या वाक्यात इथे विराम होता का. होता तर चिन्ह आत, नव्हता तर बाहेर. त्या हिशेबाने “पाऊस थांबला”, बाबलो म्हणाला, “की निघतो.” असे छापणे शुद्ध ठरते. तुमच्या लिहिण्यात स्वल्पविराम बाहेर गेला तो कदाचित अशाच एखाद्या पुस्तकाच्या संस्काराने गेला असेल. फक्त तुमची ओळ मध्ये तुटलेली नाही, ती पूर्ण वाक्याची आहे, त्यामुळे ती सवलत तिला मिळत नाही. आजच्या कथा-कादंबऱ्यांत ब्रिटिश प्रकाशकही पुष्कळदा सगळीकडे स्वल्पविराम आतच ठेवतात आणि मराठीत मीही तेच सुचवीन, कारण हा सूक्ष्म भेद पाळणारा मुद्रितशोधक प्रत्येक अंकाला मिळेलच असे नाही.

याहून जास्त चुका होतात त्या बोलण्यामागून कृती येते तेव्हा. पुढची ओळ पाहा :

“पाऊस थांबला की निघतो,” बाबल्याने छत्री उघडली.

इथे स्वल्पविराम चुकीचा आहे, इंग्रजीतही आणि मराठीतही. छत्री उघडणे म्हणजे बोलणे नव्हे, त्यामुळे अवतरणातला मजकूर त्या क्रियापदाचे कर्म होऊ शकत नाही. ही दोन स्वतंत्र वाक्ये आहेत आणि पहिल्याच्या शेवटी, अवतरणाच्या आत, पूर्णविराम हवा. शंका आली तर मराठीत एक सोपी कसोटी आहे, जी इंग्रजीला उपलब्ध नाही : अवतरणानंतर ‘असे’ घालून वाक्य वाचावे. “निघतो” असे बाबलो पुटपुटला, हे जुळते, तेव्हा तिथे स्वल्पविराम द्यावा. “निघतो” असे बाबल्याने छत्री उघडली, हे कानालाच खटकते, तेव्हा तिथे पूर्णविराम. ‘हसला’, ‘चमकला’, ‘उठला’ ही क्रियापदे या कसोटीला उतरत नाहीत. “बरं आहे,” तो हसला, अशी ओळ सर्रास छापली जाते खरी. मी तिथे पूर्णविरामच देतो.

प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह आले, की त्यांना स्वल्पविरामाची जोड लागत नाही. “फेरीबोट गेली?” बाबल्याने विचारले, एवढे पुरे, प्रश्नचिन्हापाठोपाठ स्वल्पविराम ठोकणे ही अलीकडे फार दिसणारी हौस आहे. पण नेमक्या इथेच इंग्रजीचा नियम जसाच्या तसा उचलला, तर आपल्याला अडचण येते. इंग्रजीत प्रश्नचिन्हानंतर निवेदन त्याच वाक्याचे असेल तर ते लहान अक्षराने सुरू होते आणि नवे वाक्य असेल तर मोठ्या अक्षराने, म्हणजे जोड की तोड हे ते अक्षर सांगते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. परिणाम पाहा :

“फेरीबोट गेली?” आई म्हणाली.

“फेरीबोट गेली?” आई काही बोलली नाही.

पहिल्या ओळीत प्रश्न आईचा आहे, दुसऱ्या ओळीत तो बाबल्याने आईला विचारलेला आहे. पण दुसरी ओळ वाचताना ‘काही’ या शब्दापर्यंत वाचक प्रश्न आईचाच समजून चालतो आणि मग त्याला मागे वळावे लागते. चिन्हांनी हे सुटत नाही, रचनेनेच सुटते. दुसरे वाक्य नव्या परिच्छेदात घ्यावे किंवा प्रश्नाआधी बोलणाऱ्याचे नाव आणावे : बाबल्याने विचारले, “फेरीबोट गेली?” आई काही बोलली नाही. बोलणारा बदलला की परिच्छेद बदलावा, ही शिस्त इंग्रजीत आहेच. मराठीत ती अधिक निकडीची आहे.

आता जिथे इंग्रजीचा नियम लागूच होत नाही, ती जागा. इंग्रजीत थेट बोलणे आणि निवेदन यांना सांधणारा शब्द नसतो, म्हणून तिथे तो सांधा स्वल्पविरामाने करावा लागतो. मराठीला असे शब्द आहेत : ‘असे’, ‘म्हणून’ आणि ‘की’. “येतो” म्हणून जो गेला तो गेलाच, या वाक्यात स्वल्पविराम दिला तर वाक्य उगाच अडखळते, कारण ‘म्हणून’ अवतरणाला प्रत्ययासारखे चिकटलेले आहे. “येतो” असे म्हणत तो उठला, इथेही मी तो देत नाही. पुष्कळ छापखाने ‘असे’आधी स्वल्पविराम देतात आणि त्याने अर्थ बिघडत नाही, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात हशील नाही. ‘की’चे प्रकरण मात्र समजून घेण्यासारखे आहे. तुमची कथा ‘मी’च्या तोंडून चालली आहे असे धरा आणि ही ओळ वाचा :

बाबलो म्हणाला की मी चुकलो.

चुकले कोण? बाबलो की कथा सांगणारा? इंग्रजीत परोक्ष कथनात पुरुष बदलतो आणि बहुधा काळही बदलतो, त्यामुळे ‘तो’ चुकला की ‘मी’ चुकलो हे सर्वनामावरूनच कळते. मराठी ‘की’नंतर पुष्कळदा बोलणाऱ्याचेच शब्द जसेच्या तसे ठेवते, म्हणून दोन्ही अर्थ शक्य राहतात. इथे अवतरणचिन्हावर इंग्रजीपेक्षा जास्त भार पडतो : बाबलो म्हणाला, “मी चुकलो.” असे छापले की शंका उरत नाही. निवेदन आधी आले तर स्वल्पविराम अवतरणाच्या बाहेर, ‘म्हणाला’ला लागून येतो आणि शेवटचा पूर्णविराम आत जातो, हे इंग्रजीसारखेच आहे. ‘म्हणाला की, “…”’ अशी मिश्र रचनाही छापून येते. ती अशुद्ध म्हणता येणार नाही, पण अवतरणचिन्हे दिल्यावर ‘की’ला काही काम उरत नाही.

आपल्याकडच्या लेखकाला आणखी एक प्रश्न हमखास पडतो, कारण निवेदन मराठीत आणि पात्रे कोंकणीत बोलतात. कोंकणी आहे म्हणून त्या बोलण्याला वेगळे चिन्ह किंवा तिरका ठसा देण्याचे कारण नाही. “हांव फाल्यां येतां,” बाबलो म्हणाला, याला वरचेच सगळे लागू होते. फक्त बाबलो दुसऱ्याचे बोलणे सांगू लागला, तर आत एकेरी चिन्ह येते आणि तिथे ‘म्हणून’ पुन्हा आपले काम करते :

“आई ‘फाल्यां यो’ म्हणून सांगून गेली,” बाबलो म्हणाला.

‘यो’नंतर काही नाही, ‘गेली’नंतर स्वल्पविराम. अंक छापायला देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी : तुटलेल्या वाक्याच्या शेवटी रेघ असेल, तर संगणक तिच्यापुढे बंद करणाऱ्या चिन्हाऐवजी उघडणारे अवतरणचिन्ह टाकण्याचा संभव असतो, आणि ते मुद्रितात लवकर नजरेला येत नाही.