ल, ल्ह आणि [ɬ] : लिप्यंतर करण्यापूर्वी

आपल्या मराठवाड्यात ‘लहान’चा उच्चार बोलताना ‘ल्हान’ असा होतो, आणि त्यातील श्वास ऐकून नवे अभ्यासक तेथे अघोष घर्षक ल चे चिन्ह [ɬ] लिहितात. ते योग्य नाही. ‘लातूर’मधील ल असो वा हा ल्ह, घोष चालूच राहतो व हवा जिभेच्या कडांवरून घर्षणाविना निघते, म्हणून अनुक्रमे [l] आणि [lʱ] लिहावे.

[ɬ] साठी जीभ ल च्याच जागी ठेवून घोष थांबवा, कडा दाढांजवळ आणून फुंकर घाला. स्पष्ट खरखर ऐकू आली पाहिजे. केवळ मंद श्वास आला, तर तो अघोष [l̥] होय. वेल्श भाषेत lan म्हणजे ‘वर’ आणि llan म्हणजे चर्च, इतका या घर्षणाला अर्थ आहे. सघोष घर्षक [ɮ] होय.

मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील tomatl (आपल्या टोमॅटोचे मूळ) याच्या शेवटी मात्र [tɬ] आहे: आधी त सारखा पूर्ण अवरोध, मग कडांवरून घर्षण. ध्वनिचित्रात खरखरीपूर्वी छोटी निःशब्द पट्टी दिसते. [tɬ] वाक्यारंभी असल्यास ती पट्टी ओळखता येत नाही, म्हणून नमुना दोन स्वरांमधला घ्यावा.