रविवारी शिजवलेले वरण शुक्रवारपर्यंत कसे टिकवावे?

प्रश्न: मी नाशिकमध्ये अंबडला नोकरी करतो आणि सिडकोत खोलीवर एकटा राहतो. रविवारी दुपारी आठवड्याचे वरण, भाजी आणि उसळ करून रात्री फ्रिजमध्ये ठेवतो, पण बुधवारी वरणाला आंबूस वास येतो आणि भाजी पाणचट होते. माझे काय चुकते?

उत्तर: तुमची चूक दुपार आणि रात्र यांच्या मधल्या तासांत आहे. मी अन्नतंत्रज्ञान शिकले आहे आणि सातपूरच्या एका कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाकघराची देखरेख करते. तिथे टिकवण्याच्या पदार्थांबाबत मी सर्वात आधी विचारते ते हेच, की गॅस बंद केल्यापासून पदार्थ पूर्ण थंड होईपर्यंत किती वेळ गेला.

कुकरमध्ये डाळ शिजते तेव्हा बहुतेक जंतू मरतात, पण बॅसिलस सेरियससारख्या काही जंतूंचे बीजाणू त्या उष्णतेतही शिल्लक राहतात. वरण कोमट झाले की ते जागे होतात आणि साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाढू लागतात; त्यातही अंगाला कोमट लागेल असे तापमान त्यांना फारच मानवते. म्हणून शिजवलेला पदार्थ 60 अंशांवरून 21 अंशांवर 2 तासांच्या आत आणि तिथून 5 अंशांवर पुढच्या 4 तासांच्या आत यावा, असा नियम व्यावसायिक स्वयंपाकघरांत पाळतात. गेल्या मे महिन्यात मी घरी कुकरभर वरण झाकण लावून ओट्यावर ठेवले आणि तापमापक घालून पाहिले. दुपारी 2 वाजता झाकलेले ते वरण संध्याकाळी 6 वाजताही मध्यभागी 48 अंशांवर होते. वरून हात लावला तर ते निवल्यासारखे वाटत होते, आणि नेमकी हीच गोष्ट फसवते. तसेच पातेले फ्रिजमध्ये सरकवले तर आतला गाभा थंड व्हायला आणखी कित्येक तास लागतात आणि शेजारचे दूधही तापते.

उपाय साधा आहे. अडीच वाट्या तुरीची डाळ हळद-हिंग घालून सहा वाट्या पाण्यातच शिजवावी, म्हणजे वरण घट्ट राहील. वरण पातळ करण्यासाठी जे पाणी नंतर घालायचे, त्यातले दोन वाट्या पाणी शनिवारी रात्रीच पिण्याच्या पाण्याचा बर्फ करून ठेवावे. डाळ घोटून झाल्यावर तो बर्फ तिच्यातच घालून ढवळला की वाफाळते वरण काही मिनिटांत 60 अंशांच्या आसपास येते. मग ते दोन पसरट थाळ्यांत दोन बोटे खोल ओतून, थाळ्या बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवाव्यात आणि मधूनमधून डाव फिरवावा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी इतके तापलेले असते की नुसत्या नळाच्या पाण्याने काही साधत नाही. अर्ध्या-पाऊण तासात वरण थंड झाले की एकेका जेवणापुरते उथळ डब्यांत भरून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. पहिला दिवस डबे एकावर एक रचू नयेत, कारण मधून थंड हवा खेळली नाही तर मधला डबा उबदारच राहतो.

सोमवार, मंगळवार आणि बुधवारचे डबे फ्रिजमध्ये ठेवा. गुरुवार आणि शुक्रवारचे मात्र रविवारीच वरच्या फ्रीझरमध्ये ठेवा. 4 अंशांच्या फ्रिजमध्ये शिजवलेली डाळ 3 ते 4 दिवस चांगली राहते, पण उन्हाळ्यात दार सारखे उघडल्यावर घरचा फ्रिज तितका थंड राहतोच असे नाही, म्हणून मी 3 दिवसच धरते. गुरुवारचा डबा बुधवारी रात्री खालच्या कप्प्यात उतरवावा, ओट्यावर नको. वीज गेली तर दार बंदच ठेवावे, आणि 4 तासांहून अधिक वेळ गेली असेल तर खालच्या कप्प्यातील शिजवलेले अन्न टाकून द्यावे.

गरम करताना फक्त त्या दिवसाचा डबा काढावा, त्यात उकळते पाणी घालून खळखळ उकळी आणावी आणि फोडणी त्याच वेळी द्यावी. मोहरी, लसूण, कढीपत्ता आणि शेवटी आमसूल ताजे पडले की तिसऱ्या दिवशीचे वरणही शिळे लागत नाही. रविवारीच दिलेल्या फोडणीचा वास मात्र मंगळवारपर्यंत मरून जातो. आंबूस वास आला म्हणून उकळून खाणे पूर्णपणे थांबवा. बॅसिलस सेरियसचे एक विष उकळूनही नाहीसे होत नाही, आणि वास नसला तरी ते असू शकते. त्यामुळे तासन्‌तास बाहेर राहिलेले वरण वासावरून पारखू नये.

भाजी पाणचट होते ती बहुधा मीठ आणि झाकणामुळे. मीठ भाजीतील पाणी बाहेर ओढते, आणि गरम भाजीवर झाकण लावले की वाफ थेंब होऊन तिच्यातच पडते. गवार, घेवडा किंवा कोबी फोडणीत परतून जरा कच्चटच ठेवावी, परातीत पसरून निववावी आणि मगच डब्यात भरावी. मीठ, दाण्याचे कूट आणि खोबरे खाण्याच्या दिवशी गरम कढईत घालावे. ओले खोबरे घातलेली भाजी सर्वात आधी उतरते. बटाट्याच्या फोडी फ्रीझरमध्ये स्पंजासारख्या होतात, म्हणून त्या तिथे नकोत. दुधी आणि पालेभाजी पाच दिवसांसाठी करूच नये. मेथी बुधवारी गोदाकाठी गंगेवरच्या बाजारातून आणली तर त्याच रात्री दहा मिनिटांत होते.

उसळीसाठी मोड आलेली मटकी वाफवून, बोटाने दाबल्यावर दबेल पण फुटणार नाही इतपत ठेवावी आणि वरणासारखीच पसरून थंड करावी. वाटण वेगळ्या डब्यात ठेवावे. मोड आणणारी ऊब जंतूंनाही पोसते, म्हणून कच्चे मोड तसेच खाऊ नयेत. अंडी उकडून थंड पाण्यात निववावीत आणि कवचासकट फ्रिजमध्ये ठेवावीत. ती आठवडाभर चालतात, पण उकडताना तडकलेले अंडे त्याच दिवशी संपवावे. चिकन करत असाल तर तेही त्याच दिवशी थंड करून बुधवारपर्यंत संपवा, उरलेले फ्रीझरमध्ये ठेवा.

शेवटी डबा. सकाळी फ्रिजमधून काढून नुसता कोमट करून नेलेले वरण 1 वाजेपर्यंत पुन्हा त्याच धोक्याच्या तापमानात चार-पाच तास बसते. कारखान्यात फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असेल तर डबा थंडच न्या, पोहोचल्यावर तिथल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि जेवताना वाफ येईपर्यंत गरम करा. ती सोय नसेल तर चांगल्या थर्मासच्या डब्यात आधी उकळते पाणी दहा मिनिटे भरून ठेवा, ते ओतून टाका आणि मग उकळते वरण भरा. दुपारी झाकण उघडताना त्यातून वाफ निघाली पाहिजे. निघाली नाही तर उद्यापासून तो डबा फक्त पोळ्यांसाठी वापरा.