माझ्या नव्या टीव्हीवर काळ्या दृश्यात एक लाल ठिपका सतत दिसतो. हा डेड पिक्सेल आहे का, आणि तो घरच्या घरी दुरुस्त होतो का?

ठिपका लाल आहे आणि तो अंधारात उजळ दिसतो, एवढ्या वर्णनावरूनच तो डेड नसून स्टक, म्हणजे अडकून पडलेला पिक्सेल असावा, असे वाटते. असा पिक्सेल कधी कधी पूर्ववत होतो. खरोखर डेड झालेला मात्र घरगुती उपायाने सहसा होत नाही. त्यामुळे उपाय करण्याआधी निदान पक्के करून घ्यावे.

एलईडी टीव्ही म्हणून विकले जाणारे बहुतेक संच मुळात एलसीडीच असतात. त्यांत पडद्यामागचा दिवा पेटलेला असतो आणि प्रत्येक पिक्सेलमधले लाल, हिरवा व निळा हे तीन उपपिक्सेल त्या प्रकाशापुढच्या झडपांसारखे काम करतात. झडप किती उघडायची हे त्या उपपिक्सेलचा स्वतःचा सूक्ष्म ट्रान्झिस्टर द्रवस्फटिकाला व्होल्टेज देऊन ठरवतो. टीव्हीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयपीएस आणि व्हीए या दोन्ही प्रकारच्या पॅनेलांत व्होल्टेज नसले की झडप बंद राहते. म्हणजे ट्रान्झिस्टरकडून काहीच पोहोचत नसेल तर तो उपपिक्सेल काळा राहतो, आणि व्होल्टेज हटतच नसेल किंवा द्रवस्फटिक मूळ स्थितीत परतत नसेल तर तो अखंड पेटलेला दिसतो. तुमचा ठिपका या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

खात्रीसाठी लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा अशा पाच सपाट रंगांची चित्रे पेन ड्राइव्हवर घ्यावीत आणि पूर्ण पडद्यावर एकामागून एक लावून पडद्याजवळून पाहावे. लाल उपपिक्सेल अडकला असेल तर काळ्यावर लाल, हिरव्यावर पिवळा आणि निळ्यावर जांभळट गुलाबी ठिपका दिसेल, तर लाल व पांढऱ्या चित्रावर तो नाहीसा होईल, कारण तिथे त्याने पेटलेलेच असायला हवे. याउलट एखादा हिरवा उपपिक्सेल बंद पडला असेल तर हिरव्यावर काळा आणि पांढऱ्यावर गुलाबी ठिपका दिसतो, पण लाल व निळ्या चित्रांवर त्याचा मागमूसही नसतो. पाचही चित्रांत ठिपका अंधुक, कडा विरघळलेला आणि पिक्सेलहून मोठा दिसला, तर बाहेरच्या काचेवरचा किंवा आतल्या थरांमध्ये शिरलेला धुळीचा कण असण्याची शक्यता अधिक. पूर्ण उभी रेघ दिसत असेल तर दोष पिक्सेलचा नसून त्या स्तंभाला संकेत पुरवणाऱ्या जोडणीचा असतो आणि पुढे सांगितलेले काहीही तिथे लागू पडत नाही.

निदान पक्के झाल्यावर करून पाहण्याजोगा निर्धोक उपाय एकच आहे: त्या जागेचे रंग काही काळ अतिशय वेगाने बदलत ठेवणे, जेणेकरून द्रवस्फटिकाला सतत हलावे लागेल. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून ब्राउझरमध्ये JScreenFix उघडले की रंगांच्या गोंधळाचा एक छोटा चौकोन मिळतो; तो ओढून नेमका ठिपक्यावर ठेवता येतो. पूर्ण पडदाभर लुकलुकणारे व्हिडिओही मिळतात, पण मला चौकोन बरा वाटतो, कारण बाकीचा पडदा शांत राहतो आणि डोळ्यांना त्रास कमी होतो. घरात कोणाला अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा, त्रास असेल तर ती व्यक्ती खोलीत असताना हे मुळीच लावू नये. सुरुवातीला अर्धा तास द्यावा, मग टीव्ही बंद करून पुन्हा काळे चित्र लावून पाहावे. फरक नसेल तर दोन-तीन तासांची एखादी फेरी द्यावी. त्यानेही काही झाले नाही तर तिथेच थांबावे, कारण दोष ट्रान्झिस्टरमध्येच असेल तर कितीही लुकलुकाटाने तो भरून निघत नाही.

माझ्या ४३ इंची फोर-के टीव्हीवर असाच एक लाल ठिपका होता. पहिल्या अर्ध्या तासात काहीच घडले नाही. दुसऱ्या दिवशी दोन तास चौकोन चालवल्यावर ठिपका मंद झाला आणि संध्याकाळी तर दिसेनासाही झाला, पण चार दिवसांनी टीव्ही सुरू करताना तो पुन्हा हजर होता. आणखी एका फेरीनंतर तो गेला आणि अजून तरी परतलेला नाही. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा ठिपकाही होता; त्याच्यावर मी तेवढाच वेळ घालवला आणि तो जसाच्या तसा आहे. मात्र तो मला बसल्या जागेवरून कधीच दिसत नाही. या आकाराच्या फोर-के पडद्यावर एक पिक्सेल जेमतेम पाव मिलिमीटर रुंद असतो. उजळ पार्श्वभूमीवर त्यातला काळा कण हरवून जातो, पण अंधारातला पेटलेला कण ताऱ्यासारखा डोळ्यांत भरतो. म्हणूनच तक्रारी बहुधा लाल, हिरव्या किंवा निळ्या ठिपक्यांच्या येतात.

ओल्या फडक्यात पेनाचे बोथट टोक गुंडाळून ठिपक्यावर दाबण्याचा सल्ला तुम्हाला अनेक ठिकाणी मिळेल. टीव्हीवर तो प्रयोग करू नका. पॅनेलची काच मिलिमीटरभरही जाड नसते आणि दोन काचांमधले अंतर मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागते. दाब जरा वाकडा पडला तर एका ठिपक्याच्या जागी कायमचा डाग किंवा तडा येऊ शकतो. ओलेड टीव्हीवर तर बोटही टेकवू नये. हेअर ड्रायरने किंवा गरम फडक्याने शेक देणेही तितकेच घातक आहे, कारण उष्णतेने पडद्यावरचे चिकटवलेले थर सुटू लागतात.

तुमचा टीव्ही ओलेड असेल तर मात्र गणित बदलते. तिथे प्रत्येक उपपिक्सेल स्वतःच प्रकाश देतो आणि बहुतेक दोष काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. मेनूमध्ये Pixel Refresh किंवा Panel Refresh अशा नावाचा पर्याय असतो, पण तो पडद्याची असमान झीज सावरण्यासाठी आहे. मेलेला पिक्सेल जिवंत करण्यासाठी तो वारंवार चालवू नये.

टीव्ही नवा असल्यामुळे दुकानाची बदलून देण्याची मुदत आधी पाहा आणि ती संपण्यापूर्वीच निर्णय घ्या. पॅनेलमधला एकटा पिक्सेल बदलता येत नाही, पूर्ण पॅनेलच बदलावे लागते. वॉरंटीत एखाद्या ठिपक्यासाठी पॅनेल मिळेलच असे नाही, कारण किती ठिपके झाल्यावर दोष मानायचा याची मर्यादा उत्पादक स्वतः ठरवतो. संगणकाच्या सपाट पडद्यांसाठीच्या ISO 13406-2 या जुन्या मानकात दुसऱ्या श्रेणीच्या पॅनेलला दर दहा लाख पिक्सेलमागे कायम पेटलेले २ आणि कायम काळे २ पूर्ण पिक्सेल चालत असत, शिवाय ५ सदोष उपपिक्सेल वेगळे. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. तक्रार नोंदवताना काळ्या आणि हिरव्या चित्रावरचे जवळून काढलेले दोन फोटो, आणि ठिपका पडद्याच्या मध्यभागी असेल तर त्याची जागा दाखवणारा एक फोटो, सोबत जोडावा.