वेगळं होताना वाटणी कशाची

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

रुग्णालय आणि तुमची प्रयोगशाळा वेगळी होणार हे ठरलंच आहे, तर कोणाचं चुकलं हा विषय आता सोड. ‘डेटा कोणाचा’ यावर तुमची अख्खी बैठक गेली म्हणतोस. डेटाची प्रत निघते. एक तारीख ठरवा, त्या दिवसाची फाइल गोठवा आणि चेकसम, म्हणजे फाइल तीच आहे हे पडताळणारा आकडा, जुळवून तीच प्रत दोघांनी ठेवा. नाव आणि नमुना क्रमांक जोडणारी यादी मात्र रुग्णालयातच राहू दे, ती मागूसुद्धा नकोस. फक्त एक कलम घालून घे: रुग्णाने संमती मागे घेतली तर रुग्णालयाने तुम्हाला तो क्रमांक कळवायचा. नाहीतर ती नोंद तुमच्याकडे तशीच पडून राहील.

प्रत निघत नाही ती फ्रीझरमधल्या सीरमची. अर्धं-अर्धं करण्याआधी संमतिपत्रक काढून वाच. त्यात ‘फक्त याच अभ्यासासाठी’ असं असेल, तर नव्या कामासाठी तुम्ही दोघे मिळूनही नमुने वापरू शकत नाही; नैतिकता समितीकडे जावं लागेल. तशी अट नसेल आणि दोन कुप्या असतील तर एकेक घ्या. एकच असेल तर वाटण्यासाठी वितळवू नका, वितळवून पुन्हा गोठवलं की काही प्रथिनं बिघडतात. ती कुपी रुग्णालयात ठेवा आणि मागणी करण्याचा हक्क लिहून घ्या.

लेखकांच्या नावांवरून सगळ्यात जास्त कटुता येते. ठरलेल्या प्रत्येक शोधनिबंधाचा पहिला लेखक आणि पत्रव्यवहार पाहणारा लेखक आत्ताच कागदावर आणा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे निकष चार: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, अंतिम मंजुरी आणि कामाची जबाबदारी. यात एक पळवाट शोधली जाते, मसुदाच पाठवायचा नाही आणि मग ‘त्यांनी तपासला नाही’ म्हणून नाव गाळायचं. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अभ्यासाची आखणी केली, रुग्ण निवडले. त्यांना मसुदा गेलाच पाहिजे. विभागप्रमुखांनी नुसती परवानगी दिली असेल तर त्यांची जागा आभारात. (हे त्यांना सांगायला तुझ्या गाइडला पाठव, तू जाऊ नकोस.) उत्तरासाठी मुदत ठेवा, पण गप्प बसणं म्हणजे मंजुरी असं धरू नका.

निदानाच्या किटचं पेटंट संयुक्त नावावर घेणार असाल तर पेटंट कायद्याचं कलम ५० बघ. वेगळा करार नसेल तर दोघांचा वाटा समान. प्रत्येकाला किट स्वतः बनवता-विकता येतं, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय कंपनीला परवाना देता येत नाही. ना तुम्ही, ना रुग्णालय कधी कारखाना काढणार. म्हणजे एकाने अडवून धरलं की किट कपाटात. परवान्याची बोलणी कोण करणार आणि उत्पन्न कसं वाटायचं, हे आजच लिहा. आणि शोधनिबंध छापायला जाण्याआधी किमान पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करा; पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.

या सगळ्यावर तुझी आणि डॉक्टरांची सही चालणार नाही. दोन्ही संस्थांच्या कुलसचिवांकडे किंवा ज्यांना अधिकार आहे त्यांच्याकडे मसुदा या आठवड्यातच जाऊ दे. तिथे वेळ लागतो.

तुझा,
सर