पत्रिकेवरचा श्लोक: आधी एवढंच बघा

ऐरोलीच्या घराच्या वास्तुशांतीच्या निमंत्रणपत्रिकेवर कोणता श्लोक घ्यावा असं विचारलंत, तर गणपतीचा ‘वक्रतुण्ड महाकाय’ घ्या. लोकांना पाठ असतो आणि दोन ओळींत बसतो. दुर्मीळ श्लोक शोधत बसू नका, मग अर्थ विचारला की पंचाईत होते.

वक्रतुण्ड महाकाय सूर्यकोटिसमप्रभ ।
निर्विघ्नं कुरु मे देव सर्वकार्येषु सर्वदा ॥

अर्थ खाली एका वाक्यात द्या: ‘वाकड्या सोंडेच्या, विशाल देहाच्या, कोटी सूर्यांसारख्या तेजस्वी देवा, माझ्या सर्व कार्यांत नेहमी विघ्नं दूर ठेव.’ शब्दाला शब्द लावू नका.

चुका बहुतेक छपाईत होतात:
- ‘समप्रभः’ असा विसर्ग. इथे देवाला हाक मारली आहे, विसर्ग नको.
- ‘निर्विघ्नं’वरचा अनुस्वार गळणं.
- ओळ भलतीकडे तोडणं. चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, म्हणून ओळ ‘समप्रभ’नंतरच तुटते.

ठाण्यातल्या छापखान्यात द्या नाहीतर मोबाइलवर पाठवा, फॉन्ट बदलताना ‘र्वि’ आणि ‘घ्नं’ फुटतात. प्रूफ घरातल्या आजीला मोठ्याने वाचायला द्या, ती अडखळेल तिथेच चूक सापडते. छंद-वृत्ताचं बाकीचं पुढच्या पत्रिकेला बघू.