शेवटच्या ‘ई’वर अंगठा ठेवा

“वय ४३. मराठी माध्यम, इंग्रजी पाचवीपासून. कामापुरतं इंग्रजी समजतं, मेलही लिहितो. पण चारचौघांत मोठ्याने वाचायची वेळ आली की घाम फुटतो. कुठलं अक्षर बोलणार आणि कुठलं गप्प बसणार, काही कळत नाही. लेक हसते. प्रत्येक शब्दाचा उच्चार वेगळा पाठ करायचा, एवढाच मार्ग आहे का?”

नाही. पाठ करावे लागणारे शब्द असतात, पण वाटतात त्यापेक्षा बरेच कमी. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं उदाहरण सांगते. नाव सांगत नाही, दादा म्हणते.

दादा एका कारखान्यात स्टोअरकीपर. वय ४६. बढती मिळाली आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सुरक्षिततेच्या सूचना वाचून दाखवायचं काम गळ्यात आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘रेंच’ला ‘व्रेंच’ म्हटलं, ‘नॉब’ला ‘क्नॉब’ आणि प्रेशर गेजला ‘प्रेशर गॉज’. दोन ट्रेनी मुलं हसली. गंमत अशी, की हेच दादा दिवसभर खिडकीतून रेंच आणि गेज देत-घेत होते आणि तेव्हा दोन्ही शब्द अगदी बरोबर बोलत होते. कानाला शब्द माहीत, डोळ्याला माहीत नाही. कानातला ‘रेंच’ आणि कागदावरचा डब्ल्यू-आर-ई-एन-सी-एच एकच आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी त्यांना दोन आठवडे एक वही खिशात ठेवायला सांगितली. वाचताना अडखळायला झालं की तो शब्द उतरवायचा, बाकी काही करायचं नाही. अठ्ठावन्न शब्द आले. आम्ही ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले आणि टेबलावर पसरले. “आता दिसायला सारखे असतील ते एकत्र करा,” म्हटलं. अर्थाकडे बघायचं नाही, नुसतं अक्षरांकडे.

सगळ्यात मोठा ढीग झाला तो शेवटी ‘ई’ असणाऱ्यांचा. या ‘ई’ला बहुतेक जण सायलेंट म्हणून सोडून देतात, आणि खरी चूक तिथेच होते. तो स्वतः बोलत नसला तरी शेजाऱ्यांना कसं बोलायचं ते सांगत असतो.

ढिगातून मी फ्लँजची चिठ्ठी उचलली. शब्द कानाचा ओळखीचा, त्यामुळे दादांनी तो बरोबर वाचला. “आता शेवटच्या ‘ई’वर अंगठा ठेवा आणि परत वाचा.” नखाच्या कडेला ग्रीसची काळी रेघ असलेला तो अंगठा चिठ्ठीवर बसला आणि दादा म्हणाले, “फ्लँग.” अंगठा उचलला, “फ्लँज.” पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग स्वतःच पुढची चिठ्ठी ओढली: पी-यू-आर-जी-ई. मीटिंगमध्ये ते ‘पर्ग व्हॉल्व्ह’ म्हणाले होते. अंगठा ठेवून ‘पर्ग’, उचलून… “पर्ज?” हो, पर्ज. त्याच पाच मिनिटांत हिंज, वेज, बल्ज आणि सर्ज मार्गी लागले.

जी आणि सी या दोन अक्षरांमागे ई, आय किंवा वाय आला की ती मऊ होतात. जीचा ज होतो, सीचा स. बाकी वेळी ग आणि क. मराठी माणसाला हे खरं तर नवीन नाही. ‘त्याचा’ म्हणून बघा आणि मग ‘त्याची’. च तोच लिहितो, पण ‘त्याचा’मधला च दाताशी लागतो आणि ‘त्याची’मधला टाळूकडे सरकतो. ‘माझा’ आणि ‘माझी’चंही तेच. इ-ए हे स्वर शेजारच्या व्यंजनाला टाळूकडे ओढतात. इंग्रजीच्या सी आणि जीला हे वळण फार पूर्वी, लॅटिन आणि फ्रेंचमधून येतानाच लागलेलं आहे. मराठीत आपण हे जन्मभर न चुकता करतो, नियम कुणी विचारला तर मात्र सांगता येत नाही.

दादांनी त्यावर एक प्रश्न विचारला, आणि मला तो फार आवडला. एका खोक्यावर ‘इंटरचेंजेबल’ असं छापलेलं होतं. “मॅडम, ‘एबल’ जोडताना ‘ई’ काढून टाकत नाहीत का? मग इथे मध्येच तो कशाला ठेवलाय?” काढला असता तर जीपुढे ए अक्षर आलं असतं आणि शब्द ‘इंटरचेंगेबल’ झाला असता. ‘रिप्लेसेबल’मध्येही तो सीला स ठेवण्यासाठीच राहिलेला आहे.

हा नियम सीच्या बाबतीत जवळजवळ पक्का आहे. जीच्या बाबतीत तसं नाही. गिअर, गिव्ह, गेट, फिंगर, ट्रिगर हे जुने, रोजच्या वापरातले शब्द त्याला जुमानत नाहीत. पण ते कानाने आधीच माहीत असतात, म्हणून फसायला होत नाही. अनोळखी, लांबलचक शब्द समोर आला तर मऊ ज धरून चालावं.

त्याच ढिगात दुसऱ्या जातीचे ‘ई’ होते. टॅप आणि टेप या दोन्ही चिठ्ठ्या योगायोगाने शेजारी होत्या. फरक फक्त शेवटच्या ‘ई’चा. स्वर, मग एकच व्यंजन, मग ‘ई’ अशी रचना असेल तर मधला स्वर आपलं नाव सांगतो: ए अक्षराचा ‘ए’, आयचा ‘आय’, यूचा ‘यू’. प्लेट, स्केल, पाइप, फाइल, ट्यूब. पिनला ‘ई’ लावला की पाइन, कटला लावला की क्यूट. इथेही अंगठा चालतो.

तिसरी जात व्हॉल्व्ह, स्लीव्ह, ग्रूव्ह यांची. इथला ‘ई’ निव्वळ टेकू आहे. इंग्रजीत शब्द ‘व्ही’वर संपवण्याची रीत नाही, म्हणून मागे ‘ई’ लावतात. तो स्वराबद्दल काही सांगेलच असं नाही. म्हणून गेव्ह लांब आणि हॅव्ह आखूड, तरी दोन्हींच्या शेवटी तोच ‘ई’. ‘व्हीई’ दिसलं की अंगठ्यावर विसंबू नका.

आणि हो, ‘आयएनई’ या शेवटावरही नको. दादांच्याच वहीत टर्बाइन, एंजिन आणि मशीन असे तीन शब्द होते. तिन्हींचा शेवट अक्षराला अक्षर सारखा, उच्चार तीन. मशीन फ्रेंचमधून आलं आणि येताना आपला उच्चार घेऊन आलं, म्हणूनच त्यातला सीएचसुद्धा च नसून श आहे.

दुसरा ढीग शब्दाच्या सुरुवातीचा होता. के-एन, डब्ल्यू-आर आणि जी-एन. इथे नियम सरळ आहे: पहिलं अक्षर सोडून द्या. नॉब, नॉक, नर्लिंग, रेंच, रिस्ट. ही अक्षरं एके काळी बोलली जात. इंग्रज ‘क्न’ म्हणत, आणि जर्मन माणूस गुडघ्याला अजूनही ‘क्नी’ म्हणतो. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला. पुढे छापील स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेलं आणि जीभ मात्र बदलतच राहिली. दादांना इतिहासात रस नव्हता. “म्हणजे जुना स्टॉक आहे, रजिस्टरला दिसतो, रॅकवर नाही,” ते म्हणाले. मी तेव्हापासून हे उदाहरण सगळ्यांना सांगते.

तिसरा ढीग जी-एचचा. टीच्या आधी जी-एच आलं की ते बहुतेक वेळा गप्प बसतं, आणि त्याच्याआधी आय असेल तर उच्चार ‘आय’: लाइट, टाइट, राइट. ई-आय-जी-एच असेल तर ‘ए’: एट, वेट, फ्रेट. हाइट मात्र घरभेदी. ओ-यू-जी-एचला मात्र हात जोडावेत. रफ, थ्रू, दो, कॉफ अशी त्याची सोंगं मोजकीच आहेत, ती पाठ केलेली बरी. त्यातल्या त्यात पुढे टी असेल तर ‘ऑट’ धरायला हरकत नाही: थॉट, बॉट, ब्रॉट.

चौथा ढीग लहान होता. डेट, रिसीट, साइन असे शब्द. इथे गप्प अक्षर ओळखण्याचा उपाय म्हणजे त्या शब्दाचा नातेवाईक शोधणं. ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो. कर्जाच्या ‘डेट’मधला बी ‘डेबिट’मध्ये. हा बी तर मुळात बोलला जातच नव्हता. लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी तो नंतर घुसडला. नातेवाईक आठवला की स्पेलिंग चुकत नाही, आणि हे अक्षर का आहे हेही समजतं.

मधे दादांनी विचारलं, “मग आम्ही ‘प्लंबर’ म्हणतो ते चूकच?” इंग्रजीत ‘प्लमर’, बी गप्प. पण नळ गळायला लागला की आपण ज्याला फोन करतो तो प्लंबरच. तो शब्द आता मराठी आहे. इंग्रजी वाक्य वाचताना बी सोडा, घरी बोलताना उगाच जीभ वळवू नका.

आठवड्याला एक ढीग, रोज दहा मिनिटं, मोठ्याने. मनात वाचून उपयोग नाही, कारण मन चुकीचा उच्चार खपवून घेतं. आठवड्याच्या शेवटी मी त्यांना खोटे शब्द द्यायचे, कोशात नसलेले. खरा शब्द पाठ केलेला असू शकतो, खोट्या शब्दात पाठांतर चालत नाही. पाचव्या आठवड्यात के-एन-ए-सी-ई असं लिहून दिलं. दादांनी आधी केवर बोट ठेवलं, मग शेवटच्या ‘ई’वर अंगठा, तो उचलला आणि म्हणाले, “नेस.” के गेला, सीचा स झाला, ए आपलं नाव बोलला. तिन्ही गोष्टी एका दमात.

या सगळ्यातून एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे आघात. ‘रेकॉर्ड’ नाम असताना जोर आधी, क्रियापद असताना नंतर. स्पेलिंग तेच राहतं. त्यासाठी आवाज ऐकवणारा शब्दकोशच उघडावा लागतो. गावांच्या आणि माणसांच्या नावांनाही हे नियम लावू नका.

तुम्हीही वहीपासून सुरुवात करा, पण शब्द तुमच्या कामातलेच घ्या. कानाला आधीच ओळखीचे असलेले शब्द डोळ्यांशी जोडायला सोपे जातात. दादांच्या अठ्ठावन्नांतले सत्तेचाळीस ढिगांत बसले. उरले अकरा. ते त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर आकडे घालून लिहिले, पहिला मान गेजला. एवढेच पाठ करायचे होते.

पुढे काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. एका ड्रॉइंगवर नवीन शब्द होता. “डब्ल्यू-आर-ओ-यू-जी-एच-टी. डब्ल्यू सोडला, शेवटी ‘ऑट’. रॉट, बरोबर?” बरोबर, रॉट आयर्न. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, “पण मॅडम, ‘आयर्न’मध्ये आर ओच्या आधी लिहिलाय आणि आपण बोलतो नंतर. याचं काय करायचं?”

“शेवटच्या पानावर लिहा,” म्हटलं. “बारा नंबर.”